भाचीसाठी वाचनकोपरा करताय? आधी मोठ्या माणसाला बसायला जागा बघा

*ताई, माझी भाची पुढच्या महिन्यात पाच वर्षांची होईल. अक्षरं ओळखते, पण वाचत नाही. पुस्तक हातात दिलं की दोन पानं उलटते आणि पळते. यंदा खेळणं न देता तिच्या खोलीत खिडकीशी वाचनकोपरा करून द्यावा असं मनात आहे : चार फुटी पुस्तकांचं कपाट, छोटा तंबू, बीनबॅग, उशा, दिव्यांची माळ आणि पंचवीस नवी पुस्तकं. सगळं गुपचूप आणून तिला चकित करायचं. बहीण म्हणते, एवढं नको, धाकटा दीड वर्षाचा आहे, तो सगळं ओढेल; आणि करायचंच असेल तर हॉलमध्ये सोफ्याशेजारी साडेपाच फूट भिंत रिकामी आहे, तिथे कर. मी काय करू?*
*– एक मावशी*

तुमची यादी वाचली आणि पहिला प्रश्न मनात आला तो असा : या कोपऱ्यात तुमची बहीण कुठे बसणार? तंबूत ती मावणार नाही. बीनबॅगवर एकीलाच जागा. म्हणजे सगळा बेत भाचीने एकटीने बसून वाचावं असा आहे, आणि तिला तर अजून वाचता येत नाही. पाच वर्षांच्या मुलाचं बहुतेक वाचन हे कुणीतरी वाचून दाखवलेलं ऐकणं, चित्रं न्याहाळणं आणि पाठ झालेली गोष्ट पान उलटत स्वतःशी पुन्हा सांगणं असंच असतं. यातलं पहिलं झालं की मागची दोन आपोआप येतात. म्हणून तुमच्या भेटीची पहिली कसोटी मी अशी लावेन : एक मोठं माणूस आणि एक मूल, दोघांना टेकून वीस मिनिटं आरामात बसता येतं का?

ती दोन पानं उलटून पळते याचाही अर्थ मी थोडा वेगळा लावते. न पाहिलेलं पुस्तक, त्यातली अक्षरं लागत नाहीत, शेजारी कुणी नाही; चित्रं बघून झाली की तिच्यापुरतं पुस्तक संपलं. यात तिला पुस्तकांची आवड नाही असं काही सिद्ध होत नाही. बहिणीला विचारून बघा, रात्री वाचून दाखवलं तर ती किती वेळ ऐकते. आणि एखादं पुस्तक ती ‘परत, परत’ म्हणून मागते का? असं एकही पुस्तक घरात निघालं तर त्याचं नाव लिहून घ्या, पुढे लागणार आहे.

जागेच्या बाबतीत मला तुमच्या बहिणीचं म्हणणं पटतं. या वयाची मुलं माणसं असतील तिथे घुटमळतात. खोलीतला कोपरा कितीही सुंदर केला तरी तिथे जायचं म्हणजे सगळ्यांपासून दूर जायचं. हॉलमध्ये सोफ्याशेजारी बसलं की आई-बाबा दिसतात, मध्येच ‘हे बघ’ म्हणता येतं, आणि मोठ्यांनाही जाता जाता टेकणं सोपं जातं. टीव्ही त्याच खोलीत असेल तर बैठक अशी ठेवा की पडदा समोर न येता बाजूला किंवा पाठीमागे राहील. खिडकीशी बसण्यात एक अडचण अशीही आहे, की दुपारचं थेट ऊन गुळगुळीत पानावर पडलं की चित्र चमकतं आणि मूल डोळे बारीक करून तोंड फिरवतं.

आता ती साडेपाच फूट भिंत मापून बघू. साडेपाच फूट म्हणजे ६६ इंच. त्यातले ४२ इंच बैठकीला द्या आणि २४ इंच शेल्फला. ४२ इंचांत एक मोठं माणूस आणि एक मूल खांद्याला खांदा लावून बसतं. बैठक भिंतीपासून पुढे २ फूट असली की पुरे. मोठ्यांचे पाय गादीबाहेर जमिनीवर येतील, त्याने काही बिघडत नाही. शेल्फ बैठकीला चिकटूनच असू द्या, म्हणजे बसल्या जागेवरून हात पोचतो. एक पुस्तक संपलं की दुसरं घ्यायला उठावं लागलं, तर उठलेलं मूल सहसा परत येत नाही. माप घेताना तीन गोष्टी बघायला बहिणीला सांगा : भिंतीवर विजेचा सॉकेट कुठे आहे (तो शेल्फमागे झाकला जायला नको), जवळचं दार उघडल्यावर कुठपर्यंत येतं, आणि भिंतीच्या तळाशी स्कर्टिंगची पट्टी आहे का. त्या पट्टीचं कारण पुढे सांगते.

शेल्फवर थोडं सविस्तर बोलू, कारण भेटीतला खरा निर्णय तोच आहे. चार फुटी कपाट घेऊ नका. पाच वर्षांचं मूल उभं राहिलं तर साधारण साडेतीन फूट असतं, आणि जमिनीवर मांडी घालून बसलं की त्याचे डोळे जमिनीपासून जेमतेम २० इंचांवर येतात. तीन इंच जाड गादीवर बसलं तर २३. त्यावरचं सगळं तिला मान वर करून बघावं लागतं. अडीच फूट, म्हणजे ३० इंच उंचीचं शेल्फ तिच्यासाठी पुरेसं आहे. त्यातले खालचे दोन कप्पे बसल्याबसल्या नजरेसमोर येतात आणि वरचा उभं राहून हाताला येतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे पुस्तकं त्यात कशी राहतात. मोठ्यांच्या कपाटात आपण पुस्तकं उभी, एकाला एक लावून ठेवतो आणि कण्यावरचं नाव वाचून काढतो. भाचीला ते नाव वाचता येत नाही, आणि मुलांच्या कितीतरी पुस्तकांना तर कणाच नसतो, मधोमध पिना मारलेली पातळ पुस्तकं असतात ती. अशी वीस पुस्तकं शेजारी शेजारी उभी केली की समोरून फक्त कागदाच्या कडा दिसतात. त्यातून तिने निवडावं तरी काय? म्हणून मुखपृष्ठ समोर दिसेल असं, पायऱ्या-पायऱ्यांचं शेल्फ घ्या. मुखपृष्ठावरचं अस्वल किंवा आगगाडी ओळखून ती हात घालते. तिच्यासाठी तेच पुस्तकाचं नाव असतं.

असं शेल्फ निवडताना आधी कप्प्याची खोली तपासा. तीन इंच पुरते. त्यात तीन-चार पुस्तकं एकामागे एक राहतात. त्याहून जास्त खोल असलं की लोक आठ-दहा पुस्तकं कोंबतात, मग पुढचं तेवढं दिसतं आणि मागचं ओढताना सगळीच बाहेर येतात. मग पुढची अडवणारी पट्टी बघा. ती दोन-अडीच इंचांची किंवा नुसती गोल दांडी असावी. काही शेल्फांना पाच-सहा इंच उंच फळी असते. लहान आकाराचं पुस्तक तिच्यामागे निम्मं झाकलं जातं. आणि पातळ, मऊ मुखपृष्ठाची पुस्तकं घरात जास्त असतील तर एक युक्ती लक्षात ठेवा. ती कप्प्यात कमरेत वाकून खाली घसरतात आणि महिन्याभरात त्यांचे कोपरे दुमडतात. प्रत्येक कप्प्यात मागे एक जाड पुठ्ठा उभा केला आणि पातळ पुस्तकं त्याला टेकवून ठेवली की ती सरळ राहतात.

दोन फूट रुंदीच्या कप्प्यात आठ-दहा इंच रुंदीची दोन, किंवा लहान असतील तर तीन पुस्तकं समोरून दिसतात. तीन कप्पे धरले तर एका वेळी सात-आठ मुखपृष्ठं. तुम्हाला हे कमी वाटेल, पण निवडायला तिला एवढीच हवीत. बाकीची एका खोक्यात, तिच्या नजरेआड. आठवड्या-दोन आठवड्यांनी तीन-चार बदलायची. बदलताना तिचं लाडकं पुस्तक मात्र हलवायचं नाही, भले ते चार महिने तिथे राहो. तेच तेच पुस्तक मागणारं मूल कंटाळवाणं वागत नसतं. त्याला पुढचं वाक्य आधीच माहीत असण्याची मजा येत असते, आणि एकटीने ‘वाचण्या’ची सुरुवात याच पाठ पुस्तकापासून होते.

म्हणून पंचवीस नवी पुस्तकं एकदम देऊ नका. पाच घ्या. शेल्फवर आधी घरातली जुनी, हाताळून मऊ झालेली तीन पुस्तकं मांडा, त्यांत ते ‘परत, परत’वालं हवंच, आणि मधून मधून नवी. पाचांतलं एखादं शब्द नसलेलं, नुसत्या चित्रांचं घ्या. त्यात तिला कुणाची मदत लागत नाही आणि गोष्ट सांगणारी तीच असते. उरलेले पैसे वर्षभर दर दोन महिन्यांनी एक-दोन पुस्तकं पाठवायला ठेवा. शेल्फ तोवर तिच्या सवयीचं झालेलं असेल आणि आलेलं पुस्तक ठेवायला जागाही असेल.

आता धाकटा. इथे मी अगदी स्पष्ट सांगते : शेल्फ भिंतीला बांधल्याशिवाय त्या घरात ठेवू नका. अडीच फुटी आहे, बुटकं आहे, पडून काय होणार असं वाटतं. पण दीड वर्षाचं मूल त्या पायऱ्या बघून चढणारच, आणि पुढच्या कप्प्यावर दहा-अकरा किलोचं वजन आलं की असं उथळ शेल्फ पुढे कलंडतं. वरच्या दोन्ही टोकांना पट्टी किंवा एल आकाराचा ब्रॅकेट लावून भिंतीत स्क्रू मारून घ्यायचा. विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीला गट्टी बसवून. जिप्समची पोकळ भिंत असेल तर तिच्यासाठीची वेगळी गट्टी मिळते, साधी त्यात तग धरत नाही. आणि आता स्कर्टिंग. तळाची ती पट्टी अर्धा इंच पुढे आलेली असते, त्यामुळे शेल्फ खाली अडतं आणि वर भिंतीपासून सुटं राहतं. तसाच स्क्रू आवळला तर शेल्फ तिरकं होतं किंवा पट्टी ताणून राहते. वर तेवढ्याच जाडीचा लाकडी ठोकळा मध्ये घातला की प्रश्न सुटतो. काम झालं की वरची कड धरून स्वतः जोरात पुढे ओढून बघायचं. जरा जरी हललं तरी पुन्हा करायचं.

सगळ्यात खालचा कप्पा धाकट्यालाच देऊन टाका. जाड पुठ्ठ्याच्या पानांची त्याची पुस्तकं तिथे ठेवा. तो ओढणारच आहे, तर त्याची ओढू दे. ताईची कागदी पुस्तकं वरच्या दोन कप्प्यांत राहतील.

बैठकीसाठी बीनबॅग नको असं माझं मत आहे. मूल त्यात रुततं, हनुवटी छातीला टेकते, पुस्तक धरायला मांडी सपाट राहत नाही, आणि शेजारी बसायला जागा नसते. शिवाय आतले थर्माकोलचे मणी लहान मुलाच्या नाका-तोंडात गेले तर श्वास अडकू शकतो, आणि घरात दीड वर्षाचं मूल आहे. त्याऐवजी ४२ बाय २४ इंचांची एक सपाट, घट्ट गादी करून घ्या, तीन ते चार इंच जाडीची. फोमला ३२, ४० असे आकडे सांगतात. तो घनतेचा आकडा असतो आणि फोम किती टिकेल याचा अंदाज देतो. तो मऊ की घट्ट हे हातानेच बघावं लागतं. त्यावर एक गुडघा टेकवून पूर्ण वजन टाका. गुडघ्याला जमीन लागली तर तुमच्या बहिणीला दहा मिनिटांत तिथून उठावंसं वाटेल. खोळ चेन लावलेली, काढून धुता येईल अशीच घ्या. सुती असेल तर शिवण्याआधी कापड धुऊन घ्यायला सांगा, कारण पहिल्या धुण्यात ते शंभराला तीन ते पाच इतकं आटू शकतं. ४२ इंचांच्या गादीवर म्हणजे दीड-दोन इंच, आणि मग ती खोळ परत चढत नाही. फरशी गुळगुळीत असेल तर गादीखाली न घसरणारी जाळीची चटई घाला.

उशांची गर्दी नको. पाठीशी दोन घट्ट चौकोनी उशा, मोठ्या माणसाच्या कमरेला आधार देतील अशा, आणि भाचीची अशी एक छोटी, मांडीवर ठेवून तिच्यावर पुस्तक टेकवायला. पाच वर्षांच्या हातांना मोठं जाड पुठ्ठ्याचं पुस्तक जड होतं, ही उशी त्या कामाची. टिकल्या, मणी, लोंबणारे गोंडे लावलेल्या उशा धाकट्यामुळे टाळा.

तंबूबद्दल तुमचा हिरमोड करायचा नाही. काही मुलांना खरंच लपायला आवडतं, आणि तुमची भाची टेबलाखाली, पडद्यामागे बसणारी असेल तर तिला अर्धवट आडोसा मिळायला हवा. पण बंद तंबूत उजेड कमी, हवा कोंडलेली, आणि मोठं माणूस बाहेर. तीच हौस भिंतीवरच्या एका घट्ट हुकाला हलकं सुती कापड अडकवून, ते बाजूने सोडून भागते. समोरची बाजू मोकळी ठेवा. कापड दिव्यापासून लांब आणि धाकट्याच्या हाताबाहेर, त्याच्या गळ्याभोवती गुंडाळलं जाईल असं काही नको. हा आडोसा पहिल्या दिवशीच हवा असंही नाही. दोन महिने तिचं वागणं बघून मग ठरवा.

दिव्यांची माळ मात्र यादीतून काढून टाकाच. त्यातल्या अनेक माळा चपट्या बटणासारख्या सेलवर चालतात. तो सेल मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांच्या आतही आत गंभीर भाजू शकतं. घरात ज्या वस्तूत तो असेल तिचं झाकण स्क्रूने बंद होतं ना, हे बहिणीलाही तपासायला सांगा. वाचायला लागतो तो एकच चांगला दिवा, भिंतीवर लावलेला, बसणाऱ्याच्या खांद्याच्या थोडा मागे आणि वर, वायर भिंतीला क्लिपांनी चिकटवलेली. बल्ब उघडा डोळ्यांसमोर येऊ नये. तपासायची रीत सोपी आहे : संध्याकाळी पुस्तक मांडीवर उघडून बसा, तुमच्या डोक्याची सावली पानावर पडत असेल तर दिवा बाजूला सरकवा.

गुपचूप आणण्याविषयी. भिंतीला भोकं पडणार आहेत, घर बहिणीचं आहे आणि रोज तिथे बसणार तीच आहे. तिला आधी सगळं सांगा. भाचीपासूनही पूर्ण लपवू नका. खोळीचं कापड तिला निवडू द्या, तीन नमुने समोर ठेवून. शेल्फचा रंग, कडांची गोलाई, रंगाचा वास हे तुम्ही बघा. उघडल्यावर नाकाला झोंबणारा वास आला तर खिडक्या उघड्या ठेवून काही दिवस मोकळं ठेवा आणि मगच मुलांना जवळ येऊ द्या.

बहिणीला ‘एवढं नको’ वाटतं त्यालाही उत्तर आहे. पैसे कमी करायचे असतील तर शेल्फ कापा, गादी कापू नका. चांगली गादी, दोन उशा, एक दिवा आणि पुस्तकं ठेवायला फूटभर उंचीचं उघडं खोकं, ज्यात पुस्तकं मुखपृष्ठ पुढे करून उभी राहतील आणि बोटाने एकेक पुढे ढकलत बघता येतील, एवढ्यावरही काम होतं. भाड्याच्या घरात भिंतीला हात लावता येत नसेल त्यांनीही हेच करावं. खोकं कलंडत नाही, आणि हलवता येतं. उलट सुतार बोलावून भिंतीत कायमचं बसवून घ्यायच्या फंदात मात्र पडू नका. सात-आठ वर्षांची झाली की ती जाडसर पुस्तकं वाचू लागेल, तेव्हा कणा बाहेर असलेलं साधं शेल्फच सोयीचं पडेल.

महिन्याने बहिणीला विचारा, गादी कुठे आहे? ती ओढत खिडकीशी नेली असेल तर भाचीने जागा निवडली, शेल्फ तिच्यामागे हलवा. पुस्तकं सोफ्यावर, पलंगावर विखुरलेली असतील तर उत्तमच, म्हणजे ती बाहेर निघताहेत; पलंगाशेजारीही एक छोटं खोकं ठेवायला सांगा. पुस्तकं जागेवर आणि शेल्फच्या माथ्यावर खेळणी, किल्ल्या, घड्या घातलेले कपडे साचले असतील, तर तिथे कुणी बसत नाही असं समजा. मग भाचीला ‘वाच ना’ म्हणू नका. मोठ्यांपैकी कुणीतरी रोज ठरलेल्या वेळी, जेवणाआधी किंवा झोपण्याआधी, दहा मिनिटं तिथे स्वतः जाऊन बसावं आणि एखादं पुस्तक उघडावं. ती येईल तेव्हा अक्षरं विचारून परीक्षा घेऊ नये, मधेच उठली तर उठू द्यावं.

तुम्ही वेगळ्या घरी राहता, तर पाच नव्या पुस्तकांतल्या एकाच्या दोन प्रती घ्या आणि एक स्वतःकडे ठेवा. आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर तुम्ही तुमची प्रत वाचा, पानं तिने तिच्या प्रतीची उलटायची. फोन उशीला टेकवून ठेवायचा, तिच्या हातात द्यायचा नाही, म्हणजे दोन्ही हात पुस्तकाला मोकळे राहतात. पहिल्या वेळी पुस्तक संपेपर्यंत ती बसली नाही तर तिथेच थांबा आणि पुढच्या वेळी त्याच पानापासून सुरू करा.